वाघ्याचे शवविच्छेदन: विषाचा संशय आणि महाधमनीतली चीर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेआठला मोहोळ तालुक्यातले एक शेतकरी मोटारसायकलवर मागे पोते बांधून दवाखान्यात आले. पोत्यात त्यांचा कुत्रा होता. वाघ्या, गावठी, नर, वय चारेक वर्षे. रात्री दहाला भाकरी खाऊन गोठ्यापाशी बसला होता, सकाळी सहाला बांधावर मेलेला सापडला. नाकाला रक्ताळलेला फेस.

"साहेब, विषच घातलंय बघा. बांधाचं भांडण आहे आमचं. तुम्ही फक्त तसं लिहून द्या, बाकी मी बघतो."

त्या दिवशी माझ्यासोबत दोन इंटर्न होते, एक मुलगी आणि एक मुलगा. दोघांनी महाविद्यालयात शवविच्छेदने पाहिली होती, पण सुरी हातात धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही केले नव्हते. हे प्रकरण त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहे. यात कापण्याचा क्रम चुकला असता तर मृत्यूचे कारण टेबलावर समोर असूनही दिसले नसते. मी स्वतः नोकरीच्या तिसऱ्या वर्षी नेमकी हीच चूक केली आहे. ती पुढे सांगतो.

सुरी लावण्याआधी

काकांना मी पहिला प्रश्न विचारला तो पोलिसांचा. तक्रार करणार असाल तर आधी ठाण्यातून पत्र आणा, कारण एकदा कापलेले शव पुन्हा जसेच्या तसे होत नाही आणि पत्राशिवाय काढलेल्या नमुन्यांना न्यायालयात फार वजन राहत नाही. १ जुलै २०२४ पासून जनावर मारण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतो, आधी तो भारतीय दंड संहितेच्या ४२८ आणि ४२९ मध्ये होता. काका ठाण्यात गेले. हवालदार पत्र घेऊन आले तेव्हा साडेदहा वाजले होते.

हे दोन तास महाग होते. सोलापूरच्या एप्रिलात दहालाच पत्रा तापतो आणि पोत्यात गुंडाळलेले शव आतून शिजत जाते. पोते सोडून शव सावलीत फरशीवर ठेवले आणि बर्फाचे तुकडे पिशव्यांत भरून पोटाच्या दोन्ही बाजूंना लावले. मुलाने विचारले, "सर, डीप फ्रीजरमध्ये ठेवू का?" नाही. गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक होतात, पेशी फुटतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याजोगे काही उरत नाही. शव थंड ठेवायचे, गोठवायचे नाही.

त्या वेळात विचारपूस पूर्ण केली. रेबीजची लस कधी दिलेली नाही. गेल्या दहा-पंधरा दिवसांत कुणाला चावला का, आवाज बदलला का, लाळ गळत होती का, पाणी गिळताना त्रास होता का? सगळ्याला नाही. एक मात्र काकू फोनवर बोलल्या, ते काकांच्या लक्षात नव्हते: गेले महिना-दीड महिना वाघ्या भाकरी खाल्ल्यावर अधूनमधून जशीच्या तशी बाहेर टाकायचा आणि परत खायचा. मी ते वहीत लिहिले आणि खाली रेघ मारली. न पचलेले अन्न सहज बाहेर पडणे म्हणजे उलटी नव्हे. असे झाले की अन्ननलिका डोक्यात ठेवायची.

लस न दिलेला कुत्रा आणि अचानक मृत्यू म्हटल्यावर रेबीज नाही असे धरून चालता येत नाही. दुहेरी हातमोजे, रबरी ॲप्रन, गॉगल, मास्क. इंटर्न दोघांचीही रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस झालेली होती म्हणूनच त्यांना सुरी दिली. नसती तर लांब उभे राहून फक्त नोंदी घ्यायला लावल्या असत्या.

नाकातले रक्त पाहून मुलीने काळपुळीबद्दल विचारले. प्रश्न बरोबर होता, फक्त जनावर वेगळे. कुत्रा काळपुळीला बराच दाद न देणारा प्राणी आहे. पण हेच शेळी-मेंढीचे शव असते, अचानक मेलेले, नाका-गुदातून न गोठणारे काळे रक्त आलेले, तर आधी कानाच्या शिरेतल्या रक्ताचा स्मिअर आणि तो स्वच्छ निघेपर्यंत सुरी म्यानात.

बाहेरून

वजन १९ किलो. अंग ताठलेले, म्हणजे मरणोत्तर ताठरता अजून टिकून होती. उन्हाळ्यात ती लवकर येते आणि लवकर जाते, त्यामुळे तिच्यावरून मृत्यूची वेळ काढण्याच्या भानगडीत मी पडत नाही. पोट फुगलेले होते, पण आत वायू धरला होता इतकेच, तो मेल्यानंतरचा. उजव्या कुशीवरची कातडी आतून गडद दिसत होती, म्हणजे तो उजव्या कुशीवर पडून होता. हे नोंदवून ठेवायचे, कारण पुढे उजवे फुफ्फुस आणि उजवे मूत्रपिंड जास्त लाल दिसले तर ते रोगामुळे नसून रक्त खाली उतरल्यामुळे, हे तेव्हा आठवावे लागते.

हिरड्या पांढऱ्या. मी दोघांना एकेकदा ओठ उचलून बघायला लावले. हिरड्या निळसर किंवा गडद लाल नव्हत्या, धुतलेल्या कापसासारख्या होत्या. फेस लालसर असताना हिरड्या अशा असतील तर रक्त शरीरातच कुठेतरी साचलेले असण्याची शक्यता मोठी. डोळे, कान, नखे, गुदद्वार पाहिले. चावल्याच्या, काठीच्या, गाडीच्या धडकेच्या खुणा नव्हत्या. कानातल्या चार गोचिड्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकल्या.

मग सगळे अंग साबणाच्या पाण्याने भिजवले. केस उडत नाहीत, पिसवा बाहेर येतात आणि कातडीची रेघ स्वच्छ पडते. हे काम विद्यार्थी नेहमी टाळतात आणि मग तासभर यकृतावरचे केस वेचत बसतात.

कातडी आणि पोट

मी कुत्रा पाठीवर ठेवतो. काही महाविद्यालयांत डाव्या कुशीवर ठेवायला शिकवतात, तेही ठीक आहे. हाताला एकच सवय हवी एवढेच. काखेत आणि जांघेत सुरी घालून चारही पाय बाहेर पाडले, म्हणजे शव आपोआप स्थिर राहते. हनुवटीपासून जघनास्थीपर्यंत मध्यरेषेवर चीर. सुरीचे पाते वर करून आतून बाहेर कापायचे, मग केसांवर धार बोथट होत नाही.

कातडी दोन्ही बाजूंना सोलली तेव्हा मी दोघांना थांबवून विचारले, काय दिसत नाही? थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मुलगी म्हणाली, "रक्त साचलेलं नाही कुठे." हेच पाहिजे होते. उंदरांचे रक्त पातळ करणारे औषध, ब्रोमॅडिओलोनसारखे, कुत्र्याच्या पोटात गेले असते तर रक्तस्राव एका जागी क्वचितच थांबतो. कातडीखाली, सांध्यांत, स्नायूंत, जिथे थोडा दाब पडला तिथे डाग. आम्ही दोन्ही गुडघे उघडून पाहिले. आतला द्रव स्वच्छ, चिकट, फिक्कट पिवळा. विषाची एक शक्यता इथेच मागे पडली, बाद मात्र झाली नाही.

पोटाची भिंत उघडताना नखाएवढी चीर पाडून दोन बोटे आत घालायची आणि बोटांच्या मधून कात्री चालवायची, म्हणजे फुगलेले आतडे फाटत नाही. आतडे फाटले तर नमुन्यांचा खेळ तिथेच संपतो. पोट उघडल्यावर काहीही न हलवता नुसते पाहिले. अवयव जागच्या जागी, पोटात द्रव चमचाभर. यकृत फिकट. पित्ताशयाशेजारचा आतड्याचा पट्टा हिरवट होता. मुलगा ते लिहायला गेला, त्याला थांबवले. पित्त झिरपून शेजारच्या भागाला रंग देते, तो मेल्यानंतरचा डाग आहे.

आता छातीकडे जाण्याआधी पडद्याची परीक्षा. निरोगी छातीत हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे श्वासपटल पुढे, छातीच्या दिशेने घुमटासारखे चढलेले असते. सुरीच्या टोकाने त्याला छिद्र पाडले की आत हवा शिरल्याचा आवाज येतो आणि घुमट ढिला पडतो. वाघ्याचे श्वासपटल उलट पोटाकडे फुगलेले होते. मी छिद्र पाडू दिले नाही. आत जे काही आहे ते आधी मोजायचे होते.

पोटातले नमुने आधी का

इथे एक अडचण आहे आणि ती विद्यार्थ्यांना नीट सांगितली जात नाही. आतडे शेवटी उघडायचे, कारण त्यातली घाण बाकी सगळे खराब करते. पण आतड्याचे अस्तर सगळ्यात आधी सडते, उन्हाळ्यात तर काही तासांत. मग थांबायचे कसे? उपाय असा की आतडे उघडायचे नाही, पण त्याचे तुकडे आधीच घ्यायचे. ग्रहणी, मधले आतडे आणि शेषांत्र यांचे प्रत्येकी दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून कापले. मग एका टोकाचा दोरा सोडून आतून हलकेच फॉर्मेलीन सोडले आणि बाटलीत टाकले. बोटाने अस्तर पुसायचे नाही, पाण्याने धुवायचे नाही.

त्याच वेळी स्वादुपिंडाचा तुकडा आणि दोन्ही अधिवृक्क ग्रंथी. या दोन्ही गोष्टी लवकर विरघळतात. अधिवृक्क तर मूत्रपिंड काढताना चरबीबरोबर हमखास फेकल्या जातात. त्या मूत्रपिंडाच्या आतल्या कडेला, मोठ्या शिरेपाशी असतात. आधी शोधायच्या, मग मूत्रपिंडाला हात लावायचा.

जंतूंसाठी लागणारा यकृताचा तुकडा याच टप्प्यावर घेतला. तापवलेल्या उलथन्याने यकृताचा पृष्ठभाग जाळला, निर्जंतुक सुरीने त्यातून सुपारीएवढा तुकडा काढला, निर्जंतुक डबीत, बर्फावर. विषाचाच संशय असताना हे कशाला, असे मुलाने विचारले. पोट उघडताना मला कारण माहीत नसते, आणि कारण कळेपर्यंत यकृतावर माझ्या हातांचे, हवेचे, आतड्याचे जंतू बसलेले असतात. मूत्राशयातले सुमारे १२ मिली मूत्र सिरिंजने ओढून घेतले, तेही मूत्राशय न कापता.

छाती

बरगड्या कापायला माझ्याकडे डाळिंबाच्या छाटणीची कात्री आहे. सांगोल्याच्या एका बागायतदाराने दिलेली, आठ वर्षे झाली. कंपनीचे हाड-कटर कपाटात गंजत पडले आहे. बरगडीचे हाड जिथे कूर्चेला जुळते तिथे दोन्ही बाजूंनी कापत गेलो आणि छातीचे झाकण उचलले.

डावीकडे रक्त. मोजपात्राने उपसले तेव्हा डावीकडून ७०० मिली आणि उजवीकडून दीडशेच्या आसपास. १९ किलोच्या कुत्र्याच्या अंगात रक्त साधारण दीड लिटर असते, म्हणजे निम्म्याहून जास्त छातीत उतरले होते. डावीकडच्या रक्तात जेलीसारख्या गडद गुठळ्या होत्या, मधोमध पातळ द्रव. रक्त गोठू शकत होते, याची ही खूण. पण एवढ्यावर उडी मारायची नाही. पोकळीत साचलेले रक्त श्वासाच्या हालचालीने घुसळले गेले की निरोगी कुत्र्यातही पातळच राहू शकते, त्यामुळे गुठळी दिसली तर तिचा उपयोग होतो, दिसली नाही तर काही सिद्ध होत नाही.

आता रक्त आले कुठून? या प्रश्नाला विद्यार्थी जसे उत्तर शोधतात तसे शोधले की ते सापडत नाही. मुलाने उजवे फुफ्फुस मुळाशी धरले आणि ओढून कापायला निघाला. मी त्याचे मनगट धरले.

माझी तिसऱ्या वर्षाची चूक हीच होती. असाच कुत्रा, अशीच रक्ताने भरलेली छाती. मी फुफ्फुसे आणि हृदय श्वासनलिकेसकट ओढून काढले, एकेक कापले, कुठेच भोक सापडले नाही, आणि अहवालात "उंदीरनाशकाची विषबाधा संभवते" असे लिहिले. महाधमनी मागे पाठीच्या कण्यालाच चिकटून राहिली होती. मी ती उघडलीच नाही. त्या अहवालावरून दोन घरांत वर्षभर बोलणे बंद होते, हे मला नंतर कळले.

म्हणून प्लक अखंड काढायचा. जीभ, घसा, श्वासनलिका, अन्ननलिका, फुफ्फुसे, हृदय आणि महाधमनी, सगळे एकाच माळेत. सुरुवात तोंडाकडून. खालच्या जबड्याच्या दोन्ही हाडांच्या आतल्या कडेने सुरी चालवून जीभ मोकळी केली, ती खालून बाहेर ओढली. कंठास्थीचा कूर्चेचा सांधा चाचपून शोधला आणि कापला. तिथे कटकन सुरी शिरते, हाड कापावे लागत नाही. मग जीभ हातात धरून मागे ओढत, मानेच्या कडेने मोकळे करत छातीच्या तोंडापर्यंत आलो. छातीत शिरल्यावर सुरीचे पाते कण्याला लागून ठेवायचे, म्हणजे महाधमनी अवयवांच्या बाजूला येते, हाडाच्या बाजूला राहत नाही. बरगड्यांकडे जाणाऱ्या तिच्या लहान फांद्या एकेक कापत जाव्या लागतात, ओढून तोडायच्या नाहीत. श्वासपटलापाशी अन्ननलिकेला दोन गाठी मारून मध्ये कापले आणि अख्खी माळ ट्रेमध्ये ठेवली.

नवव्या-दहाव्या बरगडीच्या पातळीवर पाते कण्यावर खरखरले. मुलीने बोट फिरवले. छातीच्या मणक्यांच्या खालच्या कडेला खडबडीत, टोकदार हाड वाढले होते. तिने माझ्याकडे पाहिले, मी काही बोललो नाही.

माळ उघडणे

ट्रेमध्ये प्लक असा ठेवायचा की अन्ननलिका आणि महाधमनी वर येतील. आधी जीभ, टॉन्सिल, थायरॉइड. मग अन्ननलिका घशापासून शेवटपर्यंत कात्रीने एकसलग. वरचा भाग साफ होता. श्वासपटलाच्या चार बोटे अलीकडे भिंतीत एक गाठ, लिंबापेक्षा थोडी लहान, आतल्या बाजूला बोंडासारखे टोक आणि त्याला बारीक भोक. भोकातून लालसर गुलाबी दोरा लोंबत होता. गाठ उभी कापली तेव्हा आत पू आणि गुंडाळून बसलेले सात किडे, त्यातला सगळ्यात लांब सहा सेंटिमीटरचा.

स्पायरोसर्का ल्युपी. गाठीतला द्रव काचपट्टीवर घेऊन लगेच पाहिला तेव्हा बारीक, लांबट, समांतर कडांची अंडी होती, प्रत्येकात अळी. महिनाभर भाकरी का परत येत होती ते इथे कळले.

पण अन्ननलिकेतल्या गाठीने कुत्रा एका रात्रीत मरत नाही. महाधमनी हृदयापासून मागे कात्रीने उघडत गेलो. सुरुवातीचे अस्तर गुळगुळीत, रबरी, पांढरे. मग ते खडबडीत होऊ लागले, पिवळट चट्टे, व्रणाच्या रेघा. गाठीच्या पातळीपासून थोडे पुढे भिंत बोराएवढी बाहेर फुगलेली आणि त्या फुगवट्याच्या डाव्या बाजूला सहा मिलिमीटरची चीर, कडेला रक्त चिकटलेले. सळई आतून घातली, ती बाहेर आली. छातीतले ८५० मिली रक्त इथून आले होते.

असे का होते हे एकदा नीट समजून घेतले की पुढे कधी महाधमनी मागे राहत नाही. या कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतात, ती शेणकिडा खातो, आणि अळी शेणकिड्यात वाढते. कुत्रा तो किडा खातो, किंवा तो किडा खाल्लेली कोंबडी, सरडा, उंदीर खातो. पोटात सुटलेली अळी जठराची भिंत भेदून तिथल्या धमनीत शिरते आणि धमनीच्या भिंतीतूनच वर सरकत छातीतल्या महाधमनीत येते. तिथे ती सुमारे तीन महिने राहते आणि मग शेजारच्या अन्ननलिकेत जाते. अन्ननलिकेतली गाठ हा शेवटचा मुक्काम. महाधमनीत ती भिंत कुरतडून, व्रण ठेवून गेलेली असते. त्या व्रणाची भिंत कधी टिकते, कधी फुगते, आणि फुगलेली कधीतरी फुटते. शेजारच्या मणक्यांवरचे हाड याच शेजारामुळे वाढते. कण्यावरचे ते खरखरणे, फुगवटा आणि गाठ, तिन्ही एकाच पातळीवर असतात ते यामुळे.

हृदय पुढे रक्ताच्या वाटेने उघडले, आधी उजवी बाजू, मग डावी. जवळजवळ रिकामे. फुफ्फुसे फिकट, उजवे थोडे गडद, ते कुशीचे. श्वासनलिकेत लालसर फेस होता. विषाचे लक्षण म्हणून काकांनी दाखवलेला फेस इतकाच होता.

तरीही जठर

कारण सापडले म्हणून काम संपत नाही. कीटकनाशकांतली बरीच विषे अवयवांवर डोळ्यांना दिसणारी खूण ठेवत नाहीत. वाघ्याला विषही दिले असेल आणि धमनीही फुटली असेल, हे नुसत्या पाहण्याने नाकारता येत नाही. आणि हवालदार पत्र घेऊन बाहेर बसले होते.

यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे पाहून झाली. पित्ताशय दाबून ग्रहणीत पित्त येते का तेही पाहिले. मग जठर दोन्ही तोंडे बांधून बाहेर काढले आणि ट्रे अंगणात नेला. वाऱ्याला पाठ देऊन उभे राहून उघडले. झिंक फॉस्फाइडचे उंदीरमार औषध पोटातल्या आम्लाशी मिसळून फॉस्फिन वायू सोडते, बंद खोलीत जठर उघडणाऱ्याच्या डोक्यात तो जाऊ शकतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर लगेच मागे व्हायचे. वाघ्याच्या जठरात अर्धवट पचलेली ज्वारीची भाकरी आणि थोडे गवत निघाले. वास आंबट, नेहमीचा. दाणे, रंगीत वडीचे तुकडे काही नाही. अस्तर फिकट, जळल्यासारखे कुठे नाही.

रासायनिक तपासणीसाठी आतल्या ऐवजासकट जठर, सुमारे १०० ग्रॅम यकृत आणि प्रत्येक मूत्रपिंडाचा अर्धा भाग, वेगवेगळ्या रुंद तोंडाच्या बरण्यांत, मिठाच्या संपृक्त द्रावणात. बरणी दोन तृतीयांशच भरली. त्याच मिठाच्या द्रावणाची एक वेगळी बाटली नियंत्रण नमुना म्हणून सोबत. या नमुन्यांना फॉर्मेलीनचा थेंबही लागता कामा नये. हवालदारांसमोर लाख लावून सील केले, लेबलवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

ऊतींसाठी फॉर्मेलीन मात्र भरपूर लागते. आम्ही बनवतो ते असे: बाजारातले फॉर्मेलीन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. ऊतीच्या दहापट द्रावण आणि तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको. मुलाने यकृताचा अंगठ्याएवढा ठोकळा टाकला होता. तो काढून पुन्हा पातळ कापायला लावला, कारण असा ठोकळा बाहेरून टिकतो आणि मधोमध सडतो. फुफ्फुसाचा तुकडा तरंगतो, त्याच्यावर कापूस ठेवावा लागतो. महाधमनीचा तुकडा फुगवटा आणि चीर यांच्या कडेसह घेतला, निम्मा खराब आणि निम्मा चांगला भाग येईल असा. अन्ननलिकेच्या गाठीचाही तसाच, कारण या गाठी कधीकधी कर्करोगात बदलतात आणि ते डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. किडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये. गुदातली विष्ठा सुपारीएवढी, डबीत, थंड.

मेंदू शेवटी. कवटी उघडायला विजेची करवत वापरायची नाही, तुषार उडतात. आम्ही कवटी उघडलीच नाही. डोके आणि पहिला मणका यांच्यातला सांधा कापून कवटीच्या मागच्या भोकातून जाड प्लास्टिक स्ट्रॉ डोळ्याच्या दिशेने फिरवत आत घातली. तिच्यात मेंदूच्या देठाचा आणि लहान मेंदूचा गाभा येतो, रेबीजच्या तपासणीला तेवढा पुरतो. बर्फावर, फॉर्मेलीनशिवाय.

अहवाल

पोलिसांना दिलेल्या अहवालात मृत्यूचे कारण लिहिले: छातीतल्या महाधमनीचा फुगवटा फुटून झालेला अंतर्गत रक्तस्राव, मूळ कारण स्पायरोसर्का ल्युपी. विषाबद्दल "विषबाधा नाही" असे लिहिले नाही. "विषबाधेची स्थूल चिन्हे आढळली नाहीत, रासायनिक तपासणीसाठी नमुने सीलबंद करून पोलिसांच्या ताब्यात दिले" एवढेच. जे पाहिले ते आधी, जे त्यावरून समजतो ते नंतर आणि वेगळ्या परिच्छेदात.

काकांना आत बोलावून ट्रेमधली चीर दाखवली, सळई घालून. ते बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे हे आतूनच फुटलं?" मग म्हणाले, "गोठ्यामागच्या शेणात हा दिवसभर तोंड घालायचा. दुसरा पण घालतो." दुसरा म्हणजे वाघ्याचा भाऊ. त्याची विष्ठा आणायला सांगितली, तीन वेगवेगळ्या दिवसांची, कारण अंडी रोज पडत नाहीत आणि एका नमुन्यावर नाही म्हणता येत नाही.

शव सहा फूट खड्ड्यात चुना घालून पुरले, टेबल आणि फरशी हायपोक्लोराइटने धुतली. रेबीजची तपासणी नकारात्मक आली. ऊतींच्या अहवालात महाधमनीच्या भिंतीत जुने व्रण आणि ताजी चीर होती, अन्ननलिकेच्या गाठीत कर्करोग नव्हता. भावाच्या पहिल्या दोन नमुन्यांत काही सापडले नाही, तिसऱ्यात साखरेच्या द्रावणावर तरंगवल्यावर अंडी दिसली. ती मुलीनेच मोजली आणि स्लाइडवर तारीख टाकून ठेवली.